व्हॉलीबॉलची उडी : सुरुवात खाली उतरण्यापासून

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सोलापुरातली मैदानं सकाळी सहा-साडेसहालाच भरतात, कारण नऊनंतर उन्हात उभं राहवत नाही. व्हॉलीबॉलच्या शिबिराला आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, उडी कशी वाढेल?" बऱ्याच ठिकाणी त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. मैदानाला बेडूकउड्यांच्या फेऱ्या, पायऱ्यांवरून उड्या, आणि हौस जास्त असेल तर पायाला वाळूच्या पिशव्या. शिबिर अर्ध्यावर येईपर्यंत दोन-चार मुलं गुडघ्याची वाटी दाबत कडेला बसलेली दिसतात.

या मुलांनी मेहनत कमी केलेली नसते. त्यांना वर जायला शिकवलं, पण खाली यायला कुणी शिकवलेलंच नसतं. वाढत्या वयात उडीचा सराव करायचा तर पहिले तीन-चार आठवडे फक्त उतरण्यावर, म्हणजे लँडिंगवर घालवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे का, ते समजायला एक खेळाडू डोळ्यांसमोर ठेवू. वय १४, वजन ४५ किलो, शाळेच्या संघात, उजव्या हातानं स्मॅश मारणारी मुलगी. तिची उडी आधी मोजून ठेवू. बोटांना खडू लावून ती भिंतीला कूस लावून उभी राहिली आणि टाच न उचलता हात वर नेला, तर खूण २०० सेंटीमीटरवर पडते. उडी मारून खूण केली तर २३० वर. म्हणजे तिची उडी ३० सेंटीमीटर. महिलांची नेट २२४ सेंटीमीटर उंच असते, म्हणजे ब्लॉकला तिची जेमतेम बोटंच नेटच्या वर येतात. उडी वाढवायची तिची घाई समजण्यासारखी आहे.

आता ती ३० सेंटीमीटरवरून खाली येते. पाय जमिनीला टेकल्यावर शरीर थांबायला किती अंतर घेतं, यावर सगळं अवलंबून असतं. गुडघे ताठ ठेवून ती १० सेंटीमीटरमध्येच थांबली, तर थांबताना पायांवर सरासरी वजनाच्या चौपट, म्हणजे १८० किलोचा भार येतो. घोटे, गुडघे आणि कंबर वाकवत ३० सेंटीमीटर खाली जाऊन थांबली, तर तोच भार दुप्पट, म्हणजे ९० किलो होतो. हे सरासरीचे आकडे आहेत, टेकतानाचा क्षणिक धक्का याहून मोठा असतो. उडी तीच, मुलगी तीच, पण भार निम्मा. स्मॅश, ब्लॉक आणि जंप सर्व्हिस धरून एका सरावात अशा कितीतरी उड्या होतात आणि प्रत्येक उडीला एक उतरणं असतंच.

चांगलं उतरणं कसं असतं ते एकदा नीट पाहू. पाय एकमेकांपासून खांद्यांइतक्या अंतरावर, बोटं समोर. आधी चवडा टेकतो आणि लगेच, पण आपटून नव्हे, टाच खाली येते. त्याच वेळी कंबर मागे जाते, मागे ठेवलेल्या स्टुलावर बसायला निघाल्यासारखी. छाती थोडी पुढे झुकते, नजर मात्र समोर राहते, कारण सामन्यात चेंडू समोर असतो. पुढून पाहिलं तर गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत दिसते. दोन्ही पाय एकाच वेळी टेकतात.

यातली कंबर मागे नेण्याची गोष्ट मुलांना सगळ्यात अवघड जाते. कंबर जागेवर राहिली की वाकण्याचं सगळं काम गुडघ्याकडे येतं, गुडघे बोटांच्या बरेच पुढे जातात आणि वाटीखालच्या कंडरेवर ताण वाढतो. कंबर मागे गेली की नितंबांचे मोठे स्नायू कामाला लागतात. शरीराला ब्रेक लावायला हे दणकट स्नायू आहेत, ते वापरले नाहीत तर गुडघा एकटा पडतो.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे आणि आमच्या खेळाडूत ती आहेच. उतरताना तिचे गुडघे एकमेकांकडे, आतल्या बाजूला झुकतात. गुडघा आत कोसळतो तेव्हा मांडीचं हाड आत वळतं, नडगी वेगळ्या दिशेला राहते आणि मधला एसीएल नावाचा अस्थिबंध ताणला जातो. उडीच्या खेळांत एसीएल फाटण्याच्या कितीतरी घटना कुणाचा धक्का लागून नव्हे, तर अशा उतरण्यात किंवा एकदम वळण्यात होतात. वयात येणाऱ्या मुलींमध्ये हा धोका त्याच खेळातल्या मुलांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकानं हे पाहायलाच हवं.

पाहायचं कसं? नुसत्या डोळ्यांना हे निसटतं, कारण सगळं क्षणभरात संपतं. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, समोर तीन-चार मीटरवर विटेला टेकवून ठेवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. मग एकदा बाजूनं करा. समोरच्या चित्रात गुडघ्यांमधलं अंतर पाहायचं. टेकताना जेवढं होतं त्यापेक्षा सगळ्यात खाली गेल्यावर ते कमी झालं, तर गुडघे आत येत आहेत. बाजूच्या चित्रात कंबर मागे जाते का आणि गुडघे किती वाकतात ते पाहायचं.

मोबाइल नसला तरी मुरमाचं मैदान स्वतःच पुष्कळ सांगतं. संध्याकाळी पाणी मारून मैदान दाबलेलं असेल, तर सरावाआधी त्या ओल्या मुरमावर खेळाडूला तीन उड्या मारायला लावा आणि ठसे वाकून बघा. दोन्ही ठसे सारखे खोल आणि एका रेषेत हवेत. एक ठसा खोल आणि दुसरा नुसता उमटल्यासारखा असेल, तर ती एकाच पायावर वजन घेऊन उतरते आहे. टाचेचा खड्डा खोल आणि चवडा पुसट असेल, तर टाच आपटते आहे. बुटाचं टोक बाहेर किंवा आत वळलेलं असेल तर तेही दिसतं. आणि आवाज ऐका. धप्प असा आवाज आला तर पाय ताठ आहेत. सिमेंटच्या कोर्टवर ठसे नसतात, तिथे आवाजावरच भिस्त ठेवावी लागते. उड्यांचा सराव शक्यतो सिमेंटवर करूच नये, असं मी सांगेन.

गुडघे आत येण्यामागे बहुधा तीन गोष्टी असतात. नितंबाच्या बाजूचे स्नायू कमकुवत असणं, घोटा पुरेसा न वाकणं आणि निव्वळ सवय. घोटा तपासायला पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगा. टेकला नाही, किंवा एका पायाचा टेकतो आणि दुसऱ्याचा नाही, तर पोटरीचं ताणणं रोजच्या वॉर्मअपमध्ये घालावं. स्नायूंसाठी गुडघ्यांच्या किंचित वर रबराचा बँड घालून अर्धे स्क्वॉट, बँड घालून बाजूला चालणं आणि एका पायावर उभं राहून हळू अर्धं बसणं, एवढं पुरतं. सवयीसाठी मात्र शब्द जपून निवडावे लागतात. "गुडघे आत घेऊ नकोस" म्हटलं की मूल गुडघ्यांकडेच बघत बसतं आणि अंग आणखी आखडतं. त्याऐवजी "अगं, आवाज न करता उतर" किंवा "गुडघे समोर ठेवलेल्या दोन प्लास्टिकच्या कोनांकडे रोख" म्हटलं की शरीर आपोआप नीट बसतं. हा फरक करून बघा, एकाच सरावात जाणवेल.

आता क्रम. पहिली पायरी उडीची नाहीच. चवड्यांवर उभं राहायचं, हात वर ताणायचे आणि झटकन खाली येऊन उतरण्याच्या स्थितीत दोन-तीन सेकंद पुतळ्यासारखं थांबायचं. पाच वेळा करून अर्धा-एक मिनिट विश्रांती, असे तीन गट. हे जमलं की जागेवरच छोटी उडी, गुडघ्याएवढीही नाही, आणि उतरल्यावर पुन्हा तेच थांबणं. मग एका पायरीवरून, साधारण १५-२० सेंटीमीटरवरून खाली पाऊल टाकून दोन्ही पायांवर उतरणं. इथं उडी मारून खाली यायचं नाही, फक्त पाऊल पुढं सोडायचं. नंतर जमेल तेवढी उंच उडी आणि पुढची लांब उडी, दोन्हीत उतरून थांबणं. लांब उडीत शरीर पुढं जायला बघतं, म्हणून थांबणं जास्त कठीण असतं. सगळ्यात शेवटी एका पायावर छोटं पाऊल पुढं टाकून उतरणं.

एका पायरीवरून दुसरीवर कधी जायचं? ठरवायचा निकष दिवसांचा नाही. पाचपैकी चार वेळा आवाज नाही, गुडघे रेषेत आहेत आणि उतरल्यावर पाऊल सरकत नाही, असं सलग दोन सरावांत दिसलं की पुढं जायचं. आमच्या खेळाडूला पहिल्या दोन पायऱ्या एका आठवड्यात जमतील, एका पायावर उतरायला कदाचित चौथा आठवडा उजाडेल. तिच्या शेजारची मुलगी दुसऱ्या आठवड्यात पुढं गेली म्हणून हिला ढकलू नये.

उतरणं बसल्यावरच खरं प्लायोमेट्रिक सुरू होतं. मोठं नाव असलं तरी कल्पना सोपी आहे. स्नायू ताणला गेला आणि त्याच क्षणी आकसला, तर तो जास्त जोर देतो. तुम्ही स्वतः करून पाहा. अर्धं बसा, तीन सेकंद तसंच थांबा आणि मग उडी मारा. आता न थांबता झटकन खाली जाऊन लगेच उडी मारा. दुसरी उडी उंच जाते. खाली जाताना स्नायू आणि कंडरा गलोलीच्या रबरासारख्या ताणल्या जातात आणि सुटताना ती ताकद परत देतात. फरक एवढाच की गलोल ताणून धरून ठेवता येते, इथं मात्र खाली थांबलात तर ताणलेली ताकद विरून जाते. म्हणून प्लायोमेट्रिकमध्ये जमिनीवरचा वेळ कमी करणं शिकायचं असतं. आणि म्हणूनच आधी उतरणं शिकायचं, कारण पटकन उसळणारं शरीर वाकड्या गुडघ्यावर उसळलं तर वाकडेपणाही पटकनच पक्का होतो.

सुरुवात दोरीवरच्या उड्यांनी करावी, यापेक्षा चांगलं आणि स्वस्त साधन नाही. गुडघे जवळजवळ सरळ, उसळी फक्त घोट्यातून, जमिनीला चवडाच लागतो. तीस सेकंद दोरी, तीस सेकंद विश्रांती. त्यानंतर दोरी न घेता तशाच घोट्याच्या उसळ्या, दहा-दहाचे गट. पुढच्या टप्प्यात सलग तीन उड्या, प्रत्येक उडीनंतर लगेच पुढची, आणि तिसरीनंतर उतरून थांबायचं. तिसऱ्या उतरण्यात गुडघे आत आले, तर पहिल्या दोन उड्यांतही काहीतरी बिघडलं आहे असं समजायचं आणि गट तीनवरून दोन उड्यांवर आणायचा. मग १५-२० सेंटीमीटरचे छोटे अडथळे, चार-पाच ओळीनं. यासाठी दोन विटांवर काठी आडवी ठेवली तरी चालते, पण ती पाय लागताच पडली पाहिजे, बांधून ठेवायची नाही.

बॉक्सवर चढायच्या उडीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. ती वाईट नाही. उलट बॉक्सवर उतरताना खाली यायचं अंतर कमी असतं, म्हणून भार कमी पडतो आणि मुलांना जोरानं वर जायचं शिकवता येतं. चूक होते ती उंचीच्या नादात. बॉक्स उंच केला की मूल छातीपर्यंत गुडघे ओढून वर पोचतं, पण शरीराची खरी उंची तेवढीच राहते, आणि पाय अडकला तर नडगी सोलून निघते. गुडघ्याच्या उंचीचा बॉक्स १४ वर्षांच्या मुलीला पुरे. वर गेल्यावर एकेक पाय टाकून चालत उतरायचं, उडी मारून नाही. आणि बॉक्सवरून खाली उडी टाकून लगेच वर उसळायचा सराव, ज्याला ड्रॉप जंप म्हणतात, तो सगळ्यात शेवटी. तिची स्वतःची उडी ३० सेंटीमीटर आहे, तर बॉक्स २० सेंटीमीटरचा. आपल्या उडीपेक्षा उंचावरून खाली टाकायचं तिला आत्ता काहीच कारण नाही.

कोर्टावर हे सगळं स्मॅशमध्ये आणताना एक खास अडचण येते. उजव्या हातानं मारणारी मुलगी दोन पायांवर उडते, पण चेंडू डोक्याच्या मागे किंवा डाव्या खांद्यावर गेला असेल तर हवेत ती डावीकडे कलते आणि एकट्या डाव्या पायावर उतरते. आपण आधी ९० किलोचा भार दोन पायांत वाटला होता, तो सगळा एका पायावर येतो आणि गुडघा आत जायला मोकळा होतो. उपाय पायात नाही, अप्रोचमध्ये, म्हणजे उडीआधीच्या पावलांत आहे. ती लवकर निघते आणि चेंडूच्या खाली येते. तिला थोडं थांबून, चेंडू उजव्या खांद्याच्या पुढे राहील असं निघायला शिकवलं की उतरणं बऱ्याच अंशी आपोआप दोन पायांवर येतं. शेवटून दुसरं पाऊल लांब आणि टाचेवर, शेवटचं पाऊल पटकन त्याच्या शेजारी, आणि हात मागून जोरात वर. हातांच्या या झोक्यानं उडीत साधारण दहा टक्के भर पडते. ३० सेंटीमीटरच्या उडीत तीन सेंटीमीटर.

किती उड्या, हा प्रश्न उरतो. मोजमाप जमिनीला पाय टेकण्याचं करायचं, दोन्ही पाय एकदा टेकले की एक. आमच्या खेळाडूनं सुरुवातीला एका सरावात ४० पर्यंत जावं, पुढं ६०, आणि दोन-तीन महिन्यांत फार तर ८०. दोरीच्या आणि घोट्याच्या हलक्या उसळ्या यात धरत नाही, पण त्यांचाही वेळ हळूहळू वाढवायचा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास. सराव वॉर्मअपनंतर लगेच, पाय ताजे असताना. खेळून दमल्यावर शेवटी "आता वीस उड्या मारा आणि घरी जा" हे बंद करावं, कारण दमलेल्या पायानं मारलेल्या उड्यांत वाईट उतरणं घोटलं जातं. बेडूकउड्यांची शिक्षाही त्याच कारणानं नको. आणि सामन्याचा आठवडा असेल, शालेय स्पर्धा एकावर एक असतील, तर या उड्या निम्म्या करा किंवा पूर्ण सोडा. सामन्यातल्या उड्याही गुडघे मोजतच असतात.

वाढीचं वय हा यातला सगळ्यात नाजूक भाग. मुलींची उंची साधारण अकरा ते तेरा आणि मुलांची तेरा ते पंधरा या वयात सगळ्यात झपाट्यानं वाढते. या काळात पाय आधी लांब होतात आणि ताबा मागून येतो. काल नीट उतरणारं मूल दोन महिन्यांनी अडखळायला लागतं. घरच्या दाराच्या चौकटीवर महिन्याला एकदा उंचीची खूण करा. खुणा भराभर वर सरकत असतील तर त्या काळात उड्या वाढवू नका, एक पायरी मागे या आणि उतरण्यावरच थांबा.

दुखणं कुठं आहे ते बोटानं दाखवायला सांगा. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो तिथं बोट गेलं आणि दाबल्यावर दुखलं, तर बहुधा वाढत्या हाडाला कंडरेचा ताण लागतो आहे. वाटीच्या अगदी खालच्या टोकाला दुखत असेल तर कंडरेवरच जास्त भार पडला आहे, उडीच्या खेळाडूंचं हे नेहमीचं दुखणं. दोन्हींत उड्या कमी करायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना काय वाटतं ते विचारायचं. दुखणं सकाळपर्यंत टिकलं तर कालचा भार जास्त झाला. दोन आठवडे उड्या कमी करूनही ते गेलं नाही, तर दाखवून घ्यावं. पण उतरताना गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला, त्याच दिवशी गुडघा सुजला, चालताना लचकायला लागला किंवा अडकून सरळ होईना, तर तेल लावून शेकत बसू नका. खेळ तिथंच थांबवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.